पैसे पोचले, अण्णा

बिलाचे पैसे खात्यावर आले की आपल्याकडून जो निरोप जातो, तो साधारण असा असतो : "आपल्या इन्व्हॉइस क्र. ११४ पोटी रु. ६४,८००/- प्राप्त झाले. तत्पर पेमेंटबद्दल धन्यवाद. आपले सहकार्य यापुढेही असेच लाभो, ही विनंती." यात खोटं काही नाही, व्याकरणाची चूक नाही. तरी वाचणाऱ्याला वाटतं की पावती आली. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून असा मेसेज आपोआपही जातो आणि तो माणसाने लिहिलाय की मशीनने, हे ओळखता येत नाही.

याचं मूळ पावतीपुस्तकात आहे. मेन रोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मागितलं तर अजून मिळतं ते : आडवं, पातळ, कार्बन घालायचं. डावीकडे नंबर, उजवीकडे तारीख, मध्ये "रिसीव्ह्ड विथ थँक्स फ्रॉम" आणि पुढे ठिपके. खाली चौकोनात रुपयांचा आकडा, त्याच्या शेजारी रेव्हेन्यू तिकिटाची जागा. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लावायचं आणि सही अशी मारायची की अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. त्या पुस्तकात आभार आधीच छापलेले असतात. आपण फक्त नाव, आकडा आणि कशापोटी ते भरायचं. पैसे खात्यावर यायला लागले, पुस्तक कपाटात गेलं, पण हात तेच ठिपके भरत राहिला.

मी खोक्यांची डिझाईनं करते. द्राक्षाची, बेदाण्याची, थोडी टोमॅटोची. माझी बरीचशी गिऱ्हाइकं दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातली. निर्यातवाले आहेत, पॅकहाऊसवाले आहेत. डिझाईन मंजूर झालं की खोकं कापायचा साचा करणारा डायवाला, छपाईचा ठसा करणारा स्टिरिओवाला, पन्हळी पुठ्ठ्याचा कोरुगेटेडवाला अशी साखळी लागते आणि तिचा पहिला पैसा पुष्कळदा माझ्या खिशातून जातो. त्यामुळे कोणी पटकन पैसे दिले तर मला ते कळतं, आणि त्यांना दोन शब्द लिहायचे तर ते पावतीसारखे वाटू नयेत याचा मी जरा जास्तच विचार करते. त्यातलं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं त्यातच येतं.

पिंपळगावचे एक निर्यातदार, वयाने मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. पाचशे ग्रॅमचे दहा पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, बसतील असं पाच किलोचं खोकं हवं होतं. जुन्याचं झाकण शीतगृहात दमट होऊन खाली बसायचं, म्हणून रचनाही थोडी बदलायची होती. काम डिसेंबरात संपलं. माझी फी साठ हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे दहा हजार आठशे, एकूण बिल ७०,८०० रुपयांचं. बिलावर मुदत पंधरा दिवसांची होती. पैसे त्याच आठवड्यात आले.

ते पैसे डिसेंबरात आले, हे इथे महत्त्वाचं आहे. द्राक्षाच्या निर्यातीत डिसेंबर आणि जानेवारी हे देण्याचे महिने, घेण्याचे नाहीत. खोकी, पनेट, पॅकहाऊसच्या मजुरांची उचल, शेतकऱ्याला सौद्याची रक्कम, सगळं बाहेर जात असतं. माल कंटेनरमध्ये बसून मुंबईजवळच्या बंदरातून निघतो, रॉटरडॅमला उतरतो, तिथे तपासणी होते, विकला जातो, मग पैसा उलट्या वाटेने परत यायला लागतो. तांबड्या समुद्रातली वाट असुरक्षित झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि या प्रवासात आणखी दिवस गेले. म्हणजे अण्णांनी मला पैसे दिले तेव्हा त्यांचा स्वतःचा हंगामातला पहिला रुपयाही कित्येक आठवडे दूर होता. खोकंवालीचं बिल टेबलाच्या कोपऱ्यात सरकवायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं, आणि मीही फेब्रुवारीपर्यंत तोंड उघडलं नसतं. तरी त्यांनी ते सरकवलं नाही.

आभार मानायचे ते याचे. पैशांचे नाहीत, पैसे माझ्या कामाचेच होते.

अंबडला एक डायवाले आहेत, माझे जुने स्नेही. त्यांचं मत उलट आहे : "हक्काच्या पैशाला आभार कसले? कायदाच आहे ना." कायदा आहे, खरं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा सांगतो की लेखी ठरलेलं नसेल तर पंधरा दिवसांत आणि ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. २०२३ मध्ये आयकरातही तरतूद आली : त्या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. म्हणून आता मार्च महिन्यात एकदम सगळ्यांना आपली आठवण येते. चव्वेचाळिसाव्या दिवशी, सीएच्या फोननंतर आलेल्या पैशांना मीही आभाराचं पत्र लिहीत नाही. "पोचले, धन्यवाद" पुरे होतं. पण कायदा पंचेचाळीस दिवस देत असताना माणूस पाचव्या दिवशी देतो, तेव्हा मधले चाळीस दिवस त्याने आपल्याला दिलेले असतात. डायवाल्यांना हे पटलं नाही. त्यांना पैसे लवकर मिळाले तर मात्र ते चहा पाजतात, म्हणजे आभार मानतातच, फक्त लिहीत नाहीत.

तर, मेसेज लिहिण्याआधीचं काम. खात्यावर ७०,८०० आले नव्हते, ६४,८०० आले होते. नवीन व्यवसायात पडलेल्या मुलामुलींना इथे धक्का बसतो आणि आभाराऐवजी "सहा हजार कमी आलेत" असा मेसेज जातो. कमी काही आलेलं नसतं. व्यावसायिक सेवेवर दहा टक्के टीडीएस कापतात, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो फक्त मूळ फीवर, म्हणजे साठ हजारांवर कापतात. सहा हजार सरकारकडे माझ्या नावावर जमा, बाकी माझ्या खात्यात. हा हिशेब आधी मनाशी जुळवायचा. खरोखरच काही कमी असेल तर त्याबद्दल वेगळ्या दिवशी, वेगळ्या निरोपात बोलायचं. "तत्परतेबद्दल आभार, मात्र रु. १२०० कमी आलेले दिसतात" हे वाक्य वाचून समोरचा फक्त "मात्र"नंतरचं लक्षात ठेवतो.

दुसरं, पैसे खरंच आलेत ना ते बघायचं. पेमेंट केलं की पुष्कळ ऑफिसांतून लगेच यूटीआर नंबरचा स्क्रीनशॉट येतो. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, पण ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांत जातं. खाते क्रमांकात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पैसे परतही जातात. स्क्रीनशॉटला "बघते" म्हणावं. बँकेचा मेसेज आल्यावर आभार. देणाऱ्यालाही खरं ऐकायचं असतं ते हेच, की पोचले. मोठी रक्कम पाठवली की थोडी धाकधूक त्याच्याही पोटात असते, विशेषतः नव्या खात्यावर पहिल्यांदा पाठवताना. म्हणून आभाराच्या मेसेजमध्ये हिशेबाची म्हणावी अशी एकच गोष्ट असू द्यावी, आणि ती बोलीतली असावी : पैसे पोचले.

आकडा नको. हे मला अण्णांच्याच ऑफिसातल्या हिशेबनिसांनी, भाऊंनी सांगितलं. दुसऱ्या कोणा पुरवठादाराची मेल दाखवत ते म्हणाले, "ताई, रक्कम आणि बिल नंबर लिहिला की हे माझ्यासाठी कागदपत्र होतं. प्रिंट काढायची, व्हाऊचरला लावायची. आणि यांनी लिहिलंय पूर्ण बिलाचे पैसे मिळाले, खात्यातून गेलेत टीडीएस कापून. ऑडिटला एकजण हमखास विचारणार, फरक कशाचा." म्हणजे आपण प्रेमाने लिहिलेला आकडा त्यांच्या डोक्याला काम लावतो. पावती हवी असेल तर ती मागतात, आणि मागितली की ती व्यवस्थित, नंबर, तारीख, टीडीएसच्या नोंदीसकट वेगळी पाठवावी. बिलाच्या मेलवरच उत्तर म्हणूनही आभार देऊ नयेत, तेही फाईलला लागतात.

तर अण्णांना मी लिहिलं ते असं :

"अण्णा, नमस्कार. पैसे पोचले. हंगाम तोंडावर असताना तुम्ही आमचं बिल मागे ठेवलं नाहीत, त्यामुळे डायवाल्यांचा हिशेब आजच मोकळा केला. मनापासून आभार. पहिला कंटेनर सुखरूप लागो."

एवढंच. यातल्या प्रत्येक वाक्याचा थोडा हिशेब देते.

"हंगाम तोंडावर असताना" हे तीन शब्दांचं निमित्त मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्ही कोणत्या दिवसांत पैसे दिलेत, तेव्हा तुमच्या खिशावर काय ताण होता, हे मला माहीत आहे, एवढं त्यातून कळतं. हे वाक्य दुसऱ्या कोणाला चिकटवता येणार नाही. सिन्नरच्या एखाद्या कारखान्याला ते लिहिलं तर अर्थच लागणार नाही. पावती कोणालाही चालते, म्हणून तिला ऊब नसते. प्रत्येक धंद्याचा आपला आवळलेला महिना असतो : शाळेला पुस्तकं छापून देणाऱ्याचा वेगळा, लग्नाच्या मंडपवाल्याचा वेगळा. तो आपल्याला माहीत असेल तर त्याचा उल्लेख करावा, माहीत नसेल तर ओढूनताणून करू नये.

"डायवाल्यांचा हिशेब आजच मोकळा केला" यात पैशाचं पुढे काय झालं ते आहे. हे लिहिताना हात आखडावा लागतो. "तुमचे पैसे आले म्हणून यंदा मुलाची फी भरता आली" असं लिहिलं की समोरचा अवघडतो. त्याने व्यवहार केला होता, त्याच्यावर अचानक उपकाराचं ओझं पडतं. शिवाय पुढच्या वेळी भाव ठरवताना आपली निकड त्याला ठाऊक असते, हेही विसरू नये. धंद्यातलीच पुढची कडी सांगावी. डायवाले अण्णांच्याही ओळखीचे. आपल्या पैशाने तिथवरचं चाक फिरलं, हे त्यांना आवडण्यासारखं आहे आणि त्यात कोणी लहान होत नाही.

"मागे ठेवलं नाहीत" इथेही मी थोडी थांबले होते. पहिल्यांदा मनात आलं होतं, "इतक्या लवकर पैसे येतील असं वाटलं नव्हतं." वाचायला गोड, पण अर्थ काय? की मी तुम्हाला उशीर करणाऱ्यांत धरलं होतं. "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आजकाल कुठे मिळतात" याचीही तीच गत. त्यात अण्णांची स्तुती एक चमचा आणि बाकीच्यांच्या नावाने रडणं वाटीभर. ते रडणं वाचून अण्णा एवढंच समजतील की ही बाई आपल्याबद्दलही कुठेतरी असंच बोलत असेल.

आणि शेवटचं वाक्य त्यांच्या कामाबद्दल. इथे आपल्याकडे "सहकार्य असेच लाभो" येतं. मला ते वाक्य मुळीच सहन होत नाही. दिसायला नम्र, पण आत पुढच्या वेळचा तगादा आगाऊ घातलेला. तसंच "पुढचं काही काम असेल तर सांगा", तसंच "टीडीएसचं सर्टिफिकेट तेवढं पाठवा". सर्टिफिकेट लागतंच, पण डिसेंबर तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदतच ३१ जानेवारीची असते. त्याआधी मागून ते मिळणार नाही आणि आभार मात्र वाया जातील. फेब्रुवारीत भाऊंना वेगळा मेसेज टाकावा.

भाऊंचा विषय निघालाच आहे तर : आभार बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला जातात असं नाही, अर्ध्याच माणसांना जातात. अण्णांनी "देऊन टाका" म्हटलं असेल, पण बिल पुढे सरकवलं भाऊंनी. त्यांच्याकडे बिल आलं की इनवर्डचा शिक्का बसतो, ऑर्डरशी ताळा घेतला जातो, जीएसटी नंबर बघितला जातो, मग मंजुरीच्या सहीला जातं, आणि आठवड्याला ठरलेल्या दिवशी जी पेमेंटची यादी बँकेत चढते तिच्यात नाव लागतं. शिक्क्यापासून यादीपर्यंत कुठेही बिल आठवडाभर झोपू शकतं आणि कोणी भाऊंना दोष देणार नाही. माझ्या बिलावर अण्णांच्या नव्या फर्मऐवजी जुन्या फर्मचं नाव चालेल का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी बिल परत न पाठवता फोन केला, आणि दुरुस्त प्रत दुपारच्या आत मागून घेतली. तो फोन नसता तर मी त्या आठवड्याच्या यादीत नव्हते.

त्यांना मी वेगळं लिहिलं, अण्णांच्या मेसेजची प्रत पुढे ढकलली नाही : "भाऊ, पैसे पोचले. फर्मच्या नावासाठी फोन केलात म्हणून याच आठवड्यात काम झालं, नाहीतर पुढच्या यादीत गेलं असतं. आभारी आहे." हिशेबाच्या टेबलावर वर्षभर येतात ते "अजून झालं नाही का" हेच फोन. त्यांनी नेमकं काय केलं ते नाव घेऊन सांगितलं की पुरतं. मिठाईचा पुडा घेऊन जायची गरज नाही, उलट जाऊच नये. ज्याच्या हातात बिलांचा क्रम आहे त्याला वस्तू दिली की तिचा अर्थ बदलतो, आणि सरळ माणूस असेल तर त्याला ती टेबलावर ठेवायचीही लाज वाटते.

वेळ त्याच दिवशीची, फार तर दुसऱ्या सकाळची. आठवड्याने पाठवलेला आभाराचा मेसेज वाचून माणूस आधी विचार करतो, हिला आता काय हवंय? रात्री अकराला पाठवू नये. पॅकहाऊसच्या दिवसांत ही माणसं पहाटे उठतात.

ज्यांच्याकडून पैसे कंपनीच्या यंत्रणेतून आपोआप येतात, मुंबई-पुण्याची मोठी ऑफिसं, तिथे मी कोणालाच लिहीत नाही. ज्या पत्त्यावरून सूचना येते तो कोणी वाचत नाही, आणि ज्या मॅनेजरने काम दिलं त्याला पैसे कधी गेले हे माहीतही नसतं. त्याला पुढच्या भेटीत तोंडी सांगितलेलं चालतं.

जे नेहमीच वेळेवर देतात त्यांचं काय करायचं, हा मात्र अवघड प्रश्न आहे, कारण दर वेळी चार वाक्यं लिहिली की चौथ्या वेळेला तीही छापील होतात. हळूहळू निरोप आखूड होऊ द्यावा. आमच्याकडे एक बेदाणेवाले आहेत, त्यांना आता मी "पोचले दादा, आभार" एवढंच लिहिते आणि ते अंगठा दाखवतात. पण कधी वेगळं काही घडलं, म्हणजे अवकाळीत माल गेलेल्या वर्षीही त्यांनी तारीख पाळली, तर त्या वेळी पुन्हा दोन वाक्यं लिहिली. नेहमीचं ते नेहमीसारखं आणि वेगळं ते वेगळ्यासारखं, इतकं पुरतं.

अण्णांचं उत्तर तासाभराने आलं. "ठीक आहे ताई. खोक्याच्या बाजूला बॅच नंबरची जागा छोटी पडतेय, पोरांना शिक्का मारता येत नाही. बघून घ्या." मी डायवाल्यांना फोन लावला, जागा वाढवायला डाय बदलायला लागणार नव्हता, फक्त छपाईचा स्टिरिओ नवा. त्याचं बिल वेगळं नाही केलं.